तुझा मेल तिसऱ्या माणसाकडे पोचतो तेव्हा

प्रिय,

गेल्या आठवड्यात तू तुझ्या मॅनेजरना पाठवलेला मेल फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. त्यांनी तो "कृपया बघून कळवावे" एवढंच वर लिहून लेखा विभागाच्या प्रमुखांना फॉरवर्ड केला होता. प्रमुखांना काही उलगडा होईना, म्हणून त्यांनी मला विचारलं, "हे कशाबद्दल आहे?" मलाही सांगता आलं नाही. काम तू चोख केलं होतंस, तरी लेखा विभागाचा होकार एक दिवस उशिरा आला आणि त्या कामासाठी धरलेला २२ जूनचा रविवार हातचा गेला. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

तुझा मेल असा होता:

"ठरल्याप्रमाणे दुसऱ्या पर्यायाचं तपासून घेतलं. त्यांची हरकत नाही, फक्त तो एक दिवस लागेल. परवापर्यंत होकार मिळाला तर पुढचं सुरू करता येईल. तक्ता खाली आहेच."

तुझ्या मॅनेजरना यातलं प्रत्येक वाक्य कळलं, कारण आदल्या दिवशीच्या चर्चेत ते होते. आता हाच मेल लेखाप्रमुखांच्या खुर्चीत बसून वाच. दुसरा पर्याय कशाचा? पहिला कुठला होता? "त्यांची" म्हणजे कोणाची? मराठीत हा शब्द एका मोठ्या माणसासाठी चालतो, दहा माणसांसाठी चालतो आणि एखाद्या कंपनीसाठीही चालतो. प्रमुखांना आधी वाटलं, त्यांच्याच विभागातल्या कोणीतरी हरकत नाही म्हणून सांगून टाकलंय. "तपासून घेतलं", पण कोणी? आपल्या भाषेत कर्ता गाळूनही वाक्य छान उभं राहतं. बोलताना ही सोय असते, पण फॉरवर्ड झालेल्या मेलमध्ये नेमका तोच माणूस हरवतो.

आणि "परवा". हा शब्द मागच्या दिवसालाही लागतो आणि पुढच्यालाही. इथे पुढचा हे क्रियापदावरून कळतं, पण पुढचा कुठून मोजायचा? तू मंगळवारी, १० जूनला लिहिलंस, म्हणजे तुझा परवा गुरुवार. मॅनेजरनी बुधवारी फॉरवर्ड केलं. प्रमुखांनी गुरुवारी उघडलं आणि त्यांच्या हिशेबाने परवा म्हणजे शनिवार. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी होकार दिला, तोही वेळेआधी दिला असं समजून. त्यांची यात काहीच चूक नाही.

"तक्ता खाली आहेच" यावर थोडं थांबतो, कारण बहुतेकांची भिस्त याच वाक्यावर असते. खाली अख्खी ट्रेल आहे, ज्याला हवं तो वाचेल, असं आपण धरून चालतो. पण बहुतेक मेल प्रोग्रॅममध्ये उत्तर देताना आधीच्या मेलला जोडलेल्या फाइल सोबत जात नाहीत. तक्ता सोमवारच्या मेलला जोडलेला होता आणि तू त्याला रिप्लाय केलास, त्यामुळे पुढे फॉरवर्ड झालेल्या मेलमध्ये तो नव्हताच. ट्रेल वाचायची तर तळापासून वर वाचावी लागते आणि फोनवर ती बहुधा तीन टिंबांमागे दुमडलेली असते. शेअर केलेल्या फाइलची लिंक दिली असती तरी ती उघडण्याची परवानगी बहुधा ठरावीक माणसांनाच असते, फॉरवर्ड केल्याने ती पुढे सरकत नाही. म्हणून ट्रेलला पुरावा समज, पार्श्वभूमी समजू नकोस. पार्श्वभूमी तुझ्या स्वतःच्या शब्दांत, वरच्या मेलमध्येच हवी.

मग किती लिहायची? मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारतो: ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याचं उत्तर या वाक्याने बदलेल का, किंवा हे वाक्य नसेल तर तो उलट विचारणा करेल का? दोन्हीला नाही आलं की वाक्य काढून टाकतो. तुझा मेल या कसोटीने मी असा लिहिला असता:

"विषय: लेखा विभागाचा होकार हवा (१२ जूनपर्यंत): रविवार, २२ जूनला बिलिंग बंद

रविवार, २२ जूनला सकाळी ८ ते रात्री ८ बिलिंग बंद ठेवायला लेखा विभागाचा होकार हवा आहे. तो गुरुवार, १२ जूनला संध्याकाळी ५ पर्यंत मिळावा, कारण सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीला १० दिवस आधी कळवावं लागतं.

बिलांच्या नोंदी असलेला जुना सर्व्हर ३० जूनला बंद होणार आहे. त्याआधी त्या नोंदी नव्या सर्व्हरवर हलवायच्या आहेत. चार रात्रींत थोड्या थोड्या नोंदी हलवण्याचाही विचार केला होता, पण तेवढे दिवस नोंदी दोन ठिकाणी राहतात आणि बेरजा जुळवणं अवघड होतं. म्हणून एका दिवसात सगळं हलवावं असं आम्ही सुचवतो. सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीने याला लेखी मान्यता दिली आहे.

२२ जून जमलं नाही तर २९ जूनचा रविवार उरतो. तो सर्व्हर बंद होण्याच्या आधीचा दिवस आहे, काही चुकलं तर दुरुस्तीला वेळ मिळणार नाही. दोन्ही मार्गांची तुलना करणारा तक्ता सोबत जोडला आहे."

नाकारलेला मार्ग मी का ठेवला ते बघ. लेखाप्रमुखांचा पहिला प्रश्न हाच असणार की रात्री का नाही करत, दिवसभर बिलिंग कशाला बंद? उत्तर मेलमध्येच असलं की एक फेरी वाचते. पण मे महिन्यातली चाचणी का फसली, पहिल्या पर्यायाचा आग्रह कोणी धरला होता, किती बैठका झाल्या, यातलं काही मी घेतलं नाही. त्यात तुझी मेहनत दिसली असती, पण प्रमुखांचा निर्णय त्याने बदलला नसता.

रिप्लाय न करता मी नवा मेल सुरू केला असता, हेही लक्षात आलं असेल. रिप्लाय केला की विषयाची ओळ जुनीच राहते. प्रमुखांना तुझा मेल "Fwd: Re: सोमवारची मीटिंग" या नावाने मिळाला. होकार मागितलाय हे त्या ओळीवरून कोणाला कळणार? नव्या मेलमुळे जुनी साखळी तुटते हे खरं, पण "९ जूनच्या बैठकीनंतर" एवढे तीन शब्द पेरले की ज्याला शोधायचं त्याला ती सापडते.

जास्त लिहिण्याचा फटकाही मी खाल्ला आहे. एका जुन्या नोकरीत मी एका प्रस्तावाचा सगळा इतिहास क्रमाने लिहून पाठवला होता, आधी काय सुचवलं, ते का सोडलं, मग आता काय सुचवतोय. मेल दोन पायऱ्या वर गेला. वरच्या अधिकाऱ्यांनी पहिला परिच्छेद वाचला आणि सोडून दिलेल्या प्रस्तावालाच मंजुरी दिली. तेव्हापासून माझी मागणी पहिल्या दोन वाक्यांत येते आणि पार्श्वभूमी तिच्या खाली. ती चार-पाच वाक्यांच्या पुढे गेली की मी एक तर सोबतच्या फाइलमध्ये टाकतो, किंवा आपण एकाच मेलमध्ये दोन गोष्टी मागतोय का ते तपासतो.

काही पार्श्वभूमी खरी असते, उपयोगाचीही असते, आणि तरी त्या मेलमध्ये नको असते. सर्व्हर पुरवणारी कंपनी दरात अजून उतरेल असं तुम्हाला वाटतंय, हे मॅनेजरना जरूर सांग, पण वेगळ्या मेलमध्ये किंवा तोंडी. त्याच मेलमध्ये खाली वेगळा परिच्छेद करून भागत नाही. फॉरवर्ड करणारा माणूस घाईत असतो, तो कापत बसत नाही. आणि तो मेल उद्या त्या कंपनीलाच जाऊ शकतो.

प्रत्येक मेलला एवढं करत बसू नकोस. बैठक किती वाजता, या प्रश्नाला "३ वाजता" हेच योग्य उत्तर आहे. मेल पुढे जाणार की नाही याचा अंदाज मी असा घेतो: ज्याला लिहितोय तो हा निर्णय एकटा घेऊ शकतो का? पैसे, परवानगी, दुसऱ्या विभागाचा वेळ किंवा बाहेरच्या कोणाची तक्रार यातलं काही असेल, तर बहुतेक वेळा तो घेऊ शकत नाही. मग तुझा खरा वाचक तिसराच कोणीतरी असतो. त्याचं नाव माहीत नसलं तरी त्याचा विभाग ओळखता येतो, आणि विभाग ओळखला की त्याचा पहिला प्रश्नही.

पार्श्वभूमी कमी पडली हे नंतर कसं कळतं? "समजलं नाही" असं फार थोडे लोक लिहितात. बहुतेक जण गप्प राहतात किंवा "एकदा बोलू या" म्हणतात. सगळ्यात स्पष्ट खूण वेगळीच आहे. तुझा मेल पुढे पाठवताना मॅनेजरनी वर स्वतःच्या तीन ओळी लिहिल्या, तर त्या तीन ओळी तुझ्या मेलमध्ये हव्या होत्या. अशी फॉरवर्डची प्रत तुझ्याकडे आली की त्या ओळी नीट वाच. या वेळी तुझ्या मॅनेजरनी त्याही लिहिल्या नाहीत, म्हणून घोळ वाढला.

आता २९ जूनच उरलाय, तेव्हा जुना सर्व्हर ३० जूनऐवजी ३ जुलैपर्यंत चालू ठेवता येईल का, हे पुरवणाऱ्या कंपनीला विचारावं लागेल. तू आपल्या ओळखीच्या माणसाला लिहिशील, पण मुदत वाढवणं त्याच्या हातात नसणार, तो मेल त्यांच्या तांत्रिक विभागाकडे जाईल. त्या विभागाला आपल्या बेरजा जुळवण्याशी किंवा लेखाप्रमुखांच्या होकाराशी काही देणंघेणं नाही. त्यांना कोणता सर्व्हर, सध्याची बंद करण्याची तारीख, आपण काम करणार तो दिवस आणि तास, मागितलेले तीन दिवस, आणि त्या तीन दिवसांत सर्व्हरवर नवी नोंद होणार नाही, फक्त जुन्या नोंदी पडताळून बघायच्या आहेत, एवढं हवं. २२ जून का हुकला ते त्यात अजिबात लिहू नकोस. मसुदा आधी मला पाठव, पण सोबत काही समजावून सांगू नकोस. मला नुसत्या मेलवरून काय कळतं ते बघू.

तुझा,
एक जुना सहकारी