शाखेला चढवलेल्या भावाने माल: स्टॉक रिझर्व्ह किती आणि तूट कुठे लिहायची?

प्रश्न: आमची कापडाची पेढी नागपूरच्या गांधीबागेत, ब्रांच वर्ध्याला. ब्रांचला माल खरेदीवर २५ टक्के चढवून पाठवतो. यंदा ब्रांच स्टॉक खात्यात ५३,००० शिल्लक दिसते, मोजणीत ४८,०००च निघाले. शिल्लक मालावर २५ टक्क्यांनी १२,००० स्टॉक रिझर्व्ह धरला तर ग्रॉस नफा जुळत नाही. तुटीचे ५,००० कुठे टाकायचे तेही कळत नाही. बाकी आकडे: सुरुवातीचा स्टॉक ४०,०००, पाठवलेला माल २,००,०००, ब्रांचने परत पाठवलेला ५,०००, रोख विक्री ९०,०००, उधार विक्री ९५,०००, गिऱ्हाइकांकडून परत ३,०००. माल सगळा चढवलेल्या भावाने.

उत्तर:

ताई, आधी ते १२,००० खोडा. २५ टक्के खरेदीवर आहेत आणि ४८,००० हा चढवलेला भाव आहे. १०० ची साडी वर्ध्याला १२५ ला जाते. त्या १२५ मध्ये चढवलेले २५, म्हणजे पाचवा हिस्सा. ४८,००० चा पाचवा हिस्सा ९,६००. तुम्ही २,४०० जास्त धरलेत, तेवढा नफा उगाच कमी दिसतोय. हीच टक्केवारी कुणी "बीजकावर २५ टक्के" म्हणून सांगितली तर हिस्सा चौथा होतो. म्हणून मालकाला आधी विचारून घ्यायचं की पंचवीस कशावर. बाजारात लोक नुसतं "पंचवीस चढवले" म्हणून मोकळे होतात.

हा रिझर्व्ह धरायचाच कशाला, हे एकदा नीट बसलं की पुढचं सोपं जातं. वर्ध्याच्या कपाटातला माल अजून पेढीचाच आहे. तो गांधीबागेतून वर्ध्याला गेला म्हणून पेढीला एक रुपयाही नफा झालेला नाही, नफा गिऱ्हाइकाला विकल्यावरच होतो. शिवाय एएस-२ प्रमाणे ताळेबंदात साठा खरेदी किंमत किंवा निव्वळ विक्रीमूल्य यांपैकी जे कमी त्यानेच दाखवायचा असतो. तेव्हा ४८,००० मधून ९,६०० वजा होऊन ताळेबंदात ३८,४०० जातील.

आता तुमचे आकडे. स्टॉक आणि डेटर्स पद्धतीत ब्रांच स्टॉक खातं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच भावाने, म्हणजे बीजकाच्या भावाने लिहायचं. नावे बाजूला सुरुवातीचे ४०,०००, पाठवलेले २,००,००० आणि गिऱ्हाइकांकडून परत आलेले ३,०००, बेरीज २,४३,०००. जमा बाजूला रोख ९०,०००, उधार ९५,००० आणि हेड ऑफिसला परत गेलेले ५,०००, बेरीज १,९०,०००. उरले ५३,०००. हे खातं नफा दाखवण्यासाठी नाहीच. वर्ध्याच्या माणसाच्या ताब्यात किती माल असायला हवा, एवढंच ते सांगतं.

चढवलेला भाग सगळा ब्रांच ॲडजस्टमेंट खात्यात गोळा होतो. जमा बाजूला सुरुवातीच्या स्टॉकचा रिझर्व्ह ८,००० आणि पाठवलेल्या मालावरचं लोडिंग ४०,०००. नावे बाजूला परत आलेल्या मालाचं १,०००, तुटीतलं १,००० आणि शिल्लक मालाचा रिझर्व्ह ९,६००. फरक ३६,४००, हाच ग्रॉस नफा. पडताळा घ्या: निव्वळ विक्री १,८२,०००, तिचा पाचवा हिस्सा ३६,४००. माल बरोबर बीजकाच्या भावाने विकला गेला असेल तर हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत. वर्षात चढवण्याचा दर बदलला असेल तर मात्र हा पडताळा लागू पडत नाही. मग जुन्या दराचा आणि नव्या दराचा शिल्लक माल वेगळा मोजून दोघांचा रिझर्व्ह वेगळा काढावा लागतो.

डेटर्स खात्याचं फार काही नाही. उधार विक्री नावे, वसुली, परत आलेला माल, सूट आणि बुडीत रक्कम जमा. लवकर पैसे दिले म्हणून उधारीवाल्याला दिलेली सूट इथेच संपते आणि ब्रांचच्या नफा-तोट्यात जाते. तिचा ब्रांच स्टॉक खात्याशी संबंध नाही. बिल फाडतानाच भाव कमी केला असेल तर ती गोष्ट वेगळी, त्यावर खाली येतो.

आता तुटीचे ५,०००. कपडा खरेदीला ४,००० ला आला होता, १,००० आपणच चढवले होते. पेढीचं खरं नुकसान ४,०००. उरलेले १,००० कधी मिळालेच नव्हते, त्यांना नुकसान म्हणून दाखवणं चूक आणि नफ्यात राहू देणंही चूक. म्हणून नोंद अशी:

ब्रांच ॲडजस्टमेंट खाते नावे १,०००
ब्रांच नफा-तोटा खाते नावे ४,०००
ब्रांच स्टॉक खाते जमा ५,०००

ही झाली असाधारण तूट, म्हणजे चोरी, आग, पावसात भिजणं. विमा असेल आणि कंपनीने समजा ३,००० मंजूर केले तर नफा-तोट्यात १,०००च जातील. धंद्यातली नेहमीची घट असेल, म्हणजे मीटरने कापताना दोन बोटं जास्त जाणं, ताग्याच्या शेवटी उरणारे तुकडे, तर पूर्ण ५,००० ब्रांच ॲडजस्टमेंट खात्याला नावे टाकायचे. मग ग्रॉस नफा ३२,४०० दिसेल. पहिल्या पद्धतीत ३६,४०० मधून ४,००० गेल्यावर तेवढेच राहतात, तेव्हा शेवटच्या नफ्यात फरक नाही. फरक एवढाच की नेहमीची घट ग्रॉस नफ्याच्या आत बसते आणि चोरी बाहेर उघडी दिसते. साडीचा धंदा असेल तर कापण्यातली घट हे कारण चालणार नाही, साडी काही मीटरने कापून विकत नाहीत.

पण नोंद टाकण्याआधी ते ५,००० खरंच तूट आहे का ते बघा. माझा सगळ्यात जास्त भर इथे आहे, कारण पुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं असतं.

पहिली शंका रस्त्यातल्या मालाची. मार्चच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत ट्रान्सपोर्टला दिलेली गाठ हेड ऑफिसच्या चलनात चढलेली असते, वर्ध्याच्या आवक रजिस्टरमध्ये मात्र एप्रिलची तारीख असते. नागपूरची शेवटची चार-पाच चलनं आणि वर्ध्याचं आवक रजिस्टर समोरासमोर ठेवा. गाठ रस्त्यात सापडली तर ती तूट नाही, "रस्त्यातील माल" म्हणून शिल्लकच आहे, आणि तिच्यावरही रिझर्व्ह लागेल. समजा ५,००० ची पूर्ण गाठ निघाली, तर रिझर्व्ह ५३,००० चा पाचवा हिस्सा म्हणजे १०,६०० होईल आणि ४,००० चं नुकसान नाहीसं होईल. ग्रॉस नफा ३६,४००च राहील.

दुसरी शंका भावाची. ब्रांचचा मॅनेजर सगळा माल बीजकाच्याच भावाने विकतो असं आपण धरून चालतो. समजा, लग्नसराईत वर्ध्याला तो पाच साड्या चिठ्ठीवरच्या बीजकाच्या भावापेक्षा ४०० ने चढ्या विकतो. त्या बिलात २,००० जास्त आले, आपण ते सरळ विक्री म्हणून ब्रांच स्टॉक खात्याला जमा केले. झालं काय, तर तेवढ्याची तूट त्यात झाकली गेली. खरी तूट ७,००० ची आहे आणि खातं ५,००० दाखवतंय. आता नीट करायचं तर ते २,००० ब्रांच स्टॉक खात्याला नावे आणि ब्रांच ॲडजस्टमेंटला जमा. ७,००० तुटीतलं लोडिंग १,४०० आणि खरेदीचे ५,६००. ग्रॉस नफा ३८,००० होतो, त्यातून ५,६०० गेले की राहतात पुन्हा ३२,४००.

उलटही होतं. मॅनेजरने बिलावरच एकूण २,००० सोडले असतील तर खरी तूट ३,०००च आहे. मग २,००० ब्रांच ॲडजस्टमेंटला नावे आणि ब्रांच स्टॉकला जमा. तुटीतलं लोडिंग ६००, ग्रॉस नफा ३४,८००, त्यातून खरेदीचे २,४०० वजा. उत्तर तेच, ३२,४००. बिचाऱ्या मॅनेजरवर मात्र उगाच जास्तीच्या २,००० ची शंका आली असती.

तिन्ही वेळा शेवटचा नफा एकच येतो, त्यामुळे ही चूक ताळेबंदात कुणाच्या लक्षात येत नाही. रोकड तीच, उधारी तीच, मोजलेला माल तोच. तरीही ही पद्धत मुळात मालावर नजर ठेवायला आहे, आणि तूट ३,००० की ७,००० हेच कळणार नसेल तर एवढी खाती लिहिण्यात अर्थ नाही, राजेहो.

हे पकडायचं तर बिलबुकात दोन रकाने लागतात, एक साडीच्या घडीत टाचलेल्या चिठ्ठीचा भाव आणि दुसरा गिऱ्हाइकाकडून घेतलेला भाव. महिन्याअखेर दोन्ही बेरजांचा फरक निघाला की वरची किंवा खालची रक्कम हातात येते. रकाने नसतील तर निदान मोठ्या रकमेची बिलं काढून चलनातल्या भावाशी ताडून बघा. आणि मोजणी रुपयांत करण्याआधी नगांत करा. "साड्या २१६ हव्यात, २०९ आहेत" हे सांगितलं की मॅनेजरला भावाचा वाद घालायला जागा राहत नाही.

वर्ध्याला माल एकाच जीएसटी नोंदणीत जातो, म्हणून डिलिव्हरी चलनावर काम भागतं. उद्या छिंदवाड्याला ब्रांच काढलीत तर मध्य प्रदेशची नोंदणी वेगळी, मालावर आयजीएसटी लागेल आणि चढवलेला भाव ठरवताना त्याचाही विचार करावा लागेल.

एक गोष्ट एप्रिलसाठी. यंदाचा ९,६०० चा रिझर्व्ह (किंवा गाठ सापडली तर १०,६००) १ एप्रिलला ब्रांच ॲडजस्टमेंट खात्याला जमा करायला विसरू नका. राहून गेला तर पुढच्या वर्षीचा ग्रॉस नफा तेवढ्याने कमी दिसेल आणि स्टॉक रिझर्व्ह खात्यात दोन वर्षांची रक्कम साचेल. वर्षअखेर त्या खात्याची शिल्लक शिल्लक मालाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त दिसली, तर हीच नोंद राहिली असं समजा.