कबड्डीच्या पोस्टमधली वजनाची ओळ

भावा, तुझ्या कबड्डी स्पर्धेचं पोस्टर झकास झालंय, पण नुसतं ‘६५ किलो वजनी गट’ लिहून भागत नाही. वजन कधी, कसं घेणार तेही त्याच ओळीत टाक. आम्ही एकदा टाकलं नव्हतं. हडपसरचा एक चढाईपटू ६५.४०० भरला आणि काट्यापाशीच दोन तास भांडण. आता लिहितो: ‘वजन पहिल्या दिवशी सकाळी ८ ते १०, बूट काढून, ग्रॅमचीही सूट नाही. संघात १२ खेळाडू, मूळ आधार कार्ड आणावे.’ प्रवेश फी संघाची आहे, खेळाडूमागे नाही, हेही स्पष्ट कर. मैदान मॅटचं असेल तर ठळक लिही, मातीवरची पोरं बुटांशिवाय येतात. आणि सामन्यांच्या तारखांआधी कोण कुणाशी खेळणार याची भाग्यपत्रिका कधी निघणार ते दे, नाहीतर तुझा फोन रात्रभर वाजेल.