तरफेचा प्रकार ओळखताना

तरफेचा प्रकार पाठ करण्याऐवजी टेकूपासूनची अंतरे मोजावीत, असे मी सुचवेन. कोपर काटकोनात ठेवून ५ किलोचे डंबेल धरले, तर ते कोपरापासून ३५ सेंमीवर असते, पण बायसेप्स ओढतो तो सुमारे ५ सेंमीवरून. म्हणून हाताचे स्वतःचे वजन सोडले तरी त्याला ३५ किलोइतका जोर लावावा लागतो. ही तिसऱ्या प्रकारची तरफ असून तिचा यांत्रिक लाभ एक-सप्तमांश आहे.

टाच उचलताना मात्र नवशिके हमखास चुकतात. चवडा हा टेकू, मध्ये घोटा आणि मागे टाचेची शीर, असा हा दुसरा प्रकार. घोटा चवड्यापासून १२ आणि शीर १६ सेंमीवर धरल्यास लाभ सुमारे १.३३ येतो, तरीही ६० किलोच्या व्यक्तीला एका पायावर टाच उचलण्यास ४५ किलोची ओढ पुरते असे समजू नये, कारण पोटरीची ओढ घोट्यालाही खाली दाबते. प्रत्यक्षात ती ओढ १८० आणि घोट्यावरील भार २४० किलोइतका भरतो.