कनेक्टिकटचे उदाहरण: पाळकाचा पगार, पॅरिशची सीमा आणि धर्मजागृती

प्रश्न : अठराव्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींत धर्मजागृतीची लाट आली आणि प्रस्थापित चर्चचा अधिकार ढासळला, असे वाचले. नुसत्या प्रवचनांनी असे काय झाले?

उत्तर :

सगळ्या वसाहतींबद्दल एका दमात बोलता येणार नाही, कारण प्रत्येक ठिकाणची चर्चव्यवस्था निराळी होती. म्हणून मी कनेक्टिकट या एकाच वसाहतीविषयी लिहितो. अधिकार नेमका कुठे तुटला, हे तिथे स्पष्ट दिसते.

कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल चर्च, म्हणजे स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार पाहण्याची परंपरा असलेला प्रोटेस्टंट पंथ, कायद्याने प्रस्थापित होता. वसाहतीची विभागणी पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, केलेली होती, प्रत्येक पॅरिशला एक पाळक असे आणि त्याचा पगार तिथल्या रहिवाशांकडून कराच्या रूपाने वसूल होई. चर्चच्या कारभाराविषयी १७०८ मध्ये झालेल्या सेब्रुक करारानुसार पाळक आणि चर्चच्या प्रतिनिधींच्या जिल्हावार मंडळांना स्थानिक चर्चच्या वादांत निर्णय देण्याचा अधिकार मिळाला होता. म्हणजे पाळकाचा अधिकार तीन गोष्टींवर उभा होता : ठरलेली हद्द, बहुधा हार्वर्ड किंवा येलमधले शिक्षण, आणि करातून येणारा पगार. त्याच्या अंतःकरणात काय आहे, हा प्रश्न कायदा विचारत नव्हता.

नेमका तोच प्रश्न धर्मजागृतीने पुढे आणला. मार्च १७४० मध्ये या जागृतीतले एक पाळक गिल्बर्ट टेनंट यांनी पेनसिल्व्हेनियातील नॉटिंगहॅम येथे प्रवचन दिले. ज्या पाळकाचे स्वतःचेच मनपरिवर्तन झालेले नाही, म्हणजे जो अंतःकरणाने देवाकडे वळलेला नाही, त्याच्याकडून आत्म्याला अन्न मिळत नसेल तर माणसाने दुसरीकडे जावे, असे त्यांनी त्यात सांगितले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत इंग्लंडचे फिरते उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड कनेक्टिकट ज्यात येते त्या न्यू इंग्लंड प्रदेशात आले आणि उघड्या मैदानांवर हजारोंपुढे बोलले. लोकांना भावले ते त्यांचे वक्तृत्व, हे खरे. पण माझ्या मते अधिक खोल परिणाम दुसऱ्याच गोष्टीचा झाला. आपला पाळक कसा आहे हे पारखण्याचा हक्क आपल्याला आहे, ही कल्पना सामान्य शेतकऱ्याच्या मनात रुजली.

सरकारने ताबडतोब प्रतिकार केला. मे १७४२ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की, जो पाळक दुसऱ्याच्या पॅरिशमध्ये निमंत्रणावाचून प्रवचन करील, त्याचा कायदेशीर पगार बंद होईल आणि वसाहतीबाहेरच्या उपदेशकाला भटक्या ठरवून हद्दपार केले जाईल. हा कायदा वाचला की त्या व्यवस्थेचे मर्म कळते : प्रवचनात काय सांगितले यापेक्षा ते कोणाच्या हद्दीत सांगितले, याचीच तिला अधिक काळजी होती.

कनेक्टिकटमधल्या कँटरबरी गावात हे सगळे एकत्र पाहायला मिळते. तिथे 'चर्च', म्हणजे श्रद्धेची कबुली देऊन सभासद झालेले लोक, आणि 'पॅरिश', म्हणजे कर भरणारे सर्व रहिवासी, यांच्यात फूट पडली. चर्चच्या बहुसंख्य सभासदांना जेम्स कॉग्सवेल हे पाळक म्हणून नको होते; पॅरिशच्या बहुमताला ते हवे होते. १७४४ च्या अखेरीस कॉग्सवेल यांची नेमणूक झाली आणि सभासदांपैकी अल्पसंख्याकांचा गट कायद्याच्या दृष्टीने खरे चर्च ठरला. बहुसंख्य सभासद वेगळे जमू लागले. अशा लोकांना 'सेपरेट' म्हणत. जॉन आणि एबेनेझर क्लीव्हलँड हे दोघे भाऊ येलमध्ये शिकत होते. सुट्टीत घरी आल्यावर ते आईवडिलांबरोबर या सभेला गेले, एवढ्या कारणावरून येलने त्यांना काढून टाकले.

सेपरेट मंडळींनी आपले उपदेशक स्वतः निवडले, पण प्रस्थापित पाळकाच्या पगारासाठीचा कर त्यांच्या माथ्यावर राहिलाच. १७२० च्या दशकाच्या अखेरीस अँग्लिकन, क्वेकर आणि बाप्टिस्ट या इतर पंथांना या करातून सूट मिळाली होती. सेपरेट मात्र मुळात काँग्रिगेशनलच, म्हणून त्यांना ती लागू नव्हती. कनेक्टिकटमधल्याच नॉर्विच गावातील एलिझाबेथ बॅकस या विधवेने हा कर देण्याचे नाकारले, तेव्हा १७५२ मध्ये तिला तेरा दिवस तुरुंगात ठेवले गेले. मुलाला लिहिलेल्या पत्रात तिने म्हटले आहे की, आपल्याला बांधून भट्टीत टाकले, पण भट्टीत बंध सुटले आणि येशू तिथे आपल्याबरोबर होता. हा दाखला बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातला आहे : मूर्तीपुढे वाकायला नकार देणाऱ्यांना राजाने बांधून भट्टीत टाकले, पण ते सुखरूप राहिले. तो वाचताना मला दरवेळी थांबावे लागते, कारण त्या उपमेत सोन्याच्या मूर्तीपुढे वाकायला लावणाऱ्या राजाच्या जागी तिच्या गावचे प्रस्थापित चर्च येऊन बसते.

तिचा मुलगा आयझॅक शेजारच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत आधी सेपरेट पाळक झाला आणि १७५६ मध्ये त्याने मिडलबरो येथे बाप्टिस्ट चर्च स्थापन केले. अनेक सेपरेट मंडळी त्याच वाटेने गेली. यामागे बाप्टिस्टांच्या प्रौढ बाप्तिस्म्यावरची श्रद्धा होती आणि करातून सूट मिळण्याचे व्यावहारिक कारणही होते. या दोहोंना वेगळे काढणे मला शक्य वाटत नाही.

तरीही प्रस्थापित चर्च त्या काळात कोसळले, असे मात्र समजू नका. अनेक सेपरेट चर्च काही दशकांतच विरून गेली आणि कायदेशीर व्यवस्था कनेक्टिकटमध्ये १८१८ पर्यंत, तर मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत टिकली. दरम्यान कर वसूल होत राहिला. पण एकाच गावात वेगवेगळ्या मंडळींची दोन-तीन प्रार्थनागृहे उभी राहिल्यावर, पॅरिशमध्ये जन्मला म्हणून माणूस त्या पाळकाचा, हे गृहीतक पुन्हा बसवता आले नाही.