अंगठीचं माप: आधी मिलिमीटर, मग नंबर

लातूरच्या सराफ्यात तू नवीन बसलायस म्हणून सांगतो. लंडनच्या पाहुण्यानं "साइज ओ" कळवला, की आपला नंबर अंदाजानं सांगू नकोस. आधी आतला घेर काढ.

ब्रिटिश मापात ए म्हणजे ३७.५ मिमी घेर, पुढं दर अक्षराला सव्वा मिमी वाढतो. ओ हे ए पासून चौदा पायऱ्या पुढं, म्हणजे साडेसतरा मिमी वाढ, घेर ५५. आपल्याकडच्या नंबरात साधारण ४० मिळवले की घेर येतो, म्हणून हा १५ नंबर. घेराला ३.१४ नं भाग, आतला व्यास साडेसतरा. अमेरिकेचा ७ नंबर मात्र आपला ७ नव्हे. त्याचा व्यास १७.३ च्या आसपास, म्हणजे आपला १४ बघ.

जुनी अंगठी मोजताना व्हर्नियरचे वरचे छोटे जबडे आत घाल आणि फिरवून सगळ्यात मोठं वाचन घे. जबडा मध्यावरून सरकला तर व्यास कमीच दिसतो. वापरून अंगठी लंबगोल झालेली असते, तेव्हा आडवं-उभं मोजून सरासरी धर. बाहेरून मोजणारे महाभागही भेटतात!

अर्ध्या मिमीला किरकोळ समजू नकोस लेका. व्यासात अर्धा मिमी चुकला की घेर दीड मिमीनं चुकतो, आपला दीड नंबर. मी एकदा १७.५ ऐवजी १७ वाचलं, अंगठी पेरावरच अडकली.