लॉग अक्ष असलेल्या चार्टच्या स्क्रीनशॉटवरून दोन बिंदूंमधील वार्षिक वाढ कशी काढावी?

प्रश्न: माझ्याकडे सेन्सेक्सच्या चार्टचा स्क्रीनशॉट आहे. उभ्या अक्षावर 1,000, 10,000 आणि 1,00,000 एवढेच आकडे आहेत आणि त्यांच्यातले अंतर सारखे आहे. 2003 चा तळ आणि 2008 चे शिखर अंदाजाने वाचले तर 5,200 आणि 38,800 मिळाले आणि वार्षिक दर 53 टक्के आला. पण 2008 मध्ये सेन्सेक्स 38,800 नव्हताच ना? मग दरही चुकलेला असणार का?

उत्तर:

आपले दोन्ही आकडे चुकलेले आहेत, परंतु दर मात्र योगायोगाने जवळपास बरोबर आला आहे. असा योगायोग झाला की चूक लक्षात येत नाही, म्हणून आधी आकडे का चुकले ते पाहू.

आपण 1,000 आणि 10,000 या रेषांमधील जागा पट्टीवरच्या सेंटिमीटरसारखी सारख्या वाट्यांनी विभागली. लॉग अक्षावर मात्र सारखे अंतर म्हणजे सारखी बेरीज नसून सारखा गुणाकार असतो. 1,000 पासून 2,000 पर्यंत जेवढी उंची लागते तेवढीच 10,000 पासून 20,000 पर्यंत लागते, कारण दोन्हीकडे रक्कम दुप्पट झालेली असते. त्यामुळे 1,000 आणि 10,000 यांच्या बरोबर मधोमध 5,500 नसून 3,162 असतो. 1,000 ला 3.162 ने गुणले की 3,162 आणि पुन्हा तेवढ्यानेच गुणले की 10,000. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः एका सादरीकरणात अशा मधल्या बिंदूला साडेपाच हजार म्हटले होते आणि समोर बसलेल्यांपैकी कोणालाच ते खटकले नाही, यावरून डोळ्यांना सरळ पट्टीची किती सवय झालेली असते ते कळते.

याच गुणधर्मामुळे आपले काम उलट सोपे होते. वाढीचा दर काढण्यासाठी दोन्ही बिंदूंच्या किमती वाचण्याची गरजच नाही. त्या दोघांच्या उंचीतला फरक पुरतो. दहापट होण्यासाठी किती पिक्सेल लागतात ते एकदा मोजावे, दोन बिंदूंमध्ये किती पिक्सेल आहेत ते मोजावे, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागावे. आलेला भागाकार 10 चा घात म्हणून घेतला की रक्कम किती पट झाली ते मिळते.

प्रत्यक्ष मोजणी अशी करता येईल. स्क्रीनशॉट पेंटमध्ये उघडा आणि माउस रेषेवर न्या. खिडकीच्या तळाशी दोन आकडे दिसतात, पहिला डावीकडून मोजलेला आणि दुसरा वरून मोजलेला. उंचीचा आकडा वरून खाली वाढत जातो हे ध्यानात ठेवावे. आडव्या रेषा दोन-तीन पिक्सेल जाड असतात, म्हणून दर वेळी रेषेचा मध्य घ्यावा. आपल्याइतक्याच आकड्यांचा माझ्याकडचा एक चार्ट मी असाच मोजला. त्यात 1,000 ची रेषा 640 वर, 10,000 ची 340 वर आणि 1,00,000 ची 40 वर आहे, म्हणजे एका दहापटीला 300 पिक्सेल. दोन्ही टप्पे तंतोतंत सारखे भरले ही अक्ष खरोखर लॉग असल्याची खूणही आहे. एप्रिल 2003 मधील तळ 500 वर आणि जानेवारी 2008 मधील शिखर 244 वर येते. फरक 256 पिक्सेल. आडव्या अक्षावर 1990 ची खूण 100 वर आणि 2020 ची 1300 वर आहे, म्हणजे एका वर्षाला 40 पिक्सेल. तळ 632 वर आणि शिखर 820 वर, तेव्हा मधला काळ 188 भागिले 40, म्हणजे 4.7 वर्षे.

एक्सेलमध्ये एवढेच लिहावे लागते:

```
=10^(256/300)
=(10^(256/300))^(1/4.7)-1
```

पहिल्या ओळीचे उत्तर 7.13 येते, म्हणजे निर्देशांक या काळात सुमारे सातपट झाला. दुसऱ्या ओळीचे उत्तर 0.519, म्हणजे वर्षाला चक्रवाढीने सुमारे 52 टक्के. पडताळणीसाठी प्रत्यक्ष बंद भाव घेऊ: 25 एप्रिल 2003 रोजी सेन्सेक्स 2,924 वर आणि 8 जानेवारी 2008 रोजी 20,873 वर बंद झाला होता. भागाकार 7.14 येतो. दोनशे छप्पन पिक्सेलवरून काढलेल्या अंदाजाकडून याहून जास्त अपेक्षा करता येणार नाही.

येथे एक गफलत हमखास होते. काही जण नैसर्गिक लॉग वापरतात, 7.13 चा लॉग 1.964 काढतात, त्याला 4.7 ने भागतात आणि मिळालेले 0.418 हेच उत्तर धरून 42 टक्के सांगतात. तो आकडा निरर्थक नाही, पण तो क्षणोक्षणी व्याज मिळत असल्यासारखा दर आहे. बँकेच्या ठेवीशी किंवा म्युच्युअल फंडाच्या परताव्याशी तुलना करायची असेल तर `=EXP(0.418)-1` करून 52 टक्क्यांवर यावे लागते. दर पाच-सहा टक्के असेल तेव्हा हा फरक नगण्य असतो; पन्नासच्या आसपास तो दहा टक्क्यांचा होतो.

आता आपला दर जवळपास बरोबर का आला ते पाहू. आपले दोन्ही बिंदू आपापल्या टप्प्यात साधारण सारख्याच जागी आहेत, एक 47 टक्के उंचीवर आणि दुसरा 32 टक्के उंचीवर. त्यामुळे खालचा आकडा जेवढ्या पटीने फुगला साधारण तेवढ्याच पटीने वरचाही फुगला, आणि भागाकार करताना फुगवटा कटून गेला. पण याच तळाची तुलना 25 जुलै 1990 शी करून पाहा. त्या दिवशी सेन्सेक्स पहिल्यांदा हजारावर बंद झाला, म्हणजे तो बिंदू अगदी रेषेवरच आहे आणि तो वाचताना चूक होतच नाही. आपल्या पद्धतीने 1,000 चे 5,200 झाले असे दिसेल आणि 12.75 वर्षांसाठी दर 13.8 टक्के येईल. पिक्सेलच्या हिशेबाने 140 भागिले 300, म्हणजे 2.93 पट, आणि दर 8.8 टक्के. येथे कटून जायला दुसरी चूक नव्हती, म्हणून सगळी चूक दरात उतरली.

उत्तर किती विश्वासार्ह आहे हे मोजमाप करतानाच ठरवता येते. एका दहापटीला 300 पिक्सेल असतील तर उंची एका पिक्सेलने चुकल्यावर किंमत सुमारे पाऊण टक्क्याने चुकते, मग बिंदू तळाजवळ असो की माथ्याजवळ; सरळ अक्षावर ही सोय नसते. दोन्ही टोकांना दोन-दोन पिक्सेलची चूक विरुद्ध दिशेने झाली असे धरले तरी पट तीन टक्क्यांनी बदलते आणि 4.7 वर्षांत विभागल्यावर वार्षिक दर जेमतेम एका टक्क्याने हलतो. आडव्या दिशेची चूक मात्र बहुतेक जण विसरतात. तेवढीच चार पिक्सेलची चूक येथे वर्षाचा दहावा हिस्सा होते, काळ 4.7 ऐवजी 4.8 धरला तर दर 50.6 आणि 4.6 धरला तर 53.3 येतो. रेषा जेवढी चढी, तेवढी आडवी चूक महाग पडते. तारीख अन्यत्र कळत असेल तर ती चार्टवरून वाचूच नये. चार्टशिवाय काहीच हाताशी नसेल तर मी या उदाहरणात "52 टक्के, दोन टक्के इकडे-तिकडे" असेच लिहीन आणि दशांश चिन्ह टाळीन.

काळ छोटा असेल तर ही पद्धत वापरू नये. उंचीतली तीच तीन टक्क्यांची चूक पंधरा वर्षांवर पसरली तर दर 0.2 टक्क्याने हलतो, एका वर्षावर आली तर पूर्ण तीन टक्क्यांनी.

स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवरून आला म्हणून लहान झाला किंवा वर्डमध्ये ताणला गेला, तर घाबरण्याचे कारण नाही. आपण उंचीला उंचीनेच भागतो, म्हणून सगळे चित्र एकाच प्रमाणात लहान-मोठे झाले तर भागाकार बदलत नाही. पडद्याचा मोबाईलने तिरका फोटो काढला असेल तर मात्र वरचा टप्पा आणि खालचा टप्पा सारखे भरणार नाहीत. तसे दिसले की मोजणी तिथेच थांबवावी. अक्षावर शून्य छापलेले असेल तर तो शुद्ध लॉग अक्ष नव्हे, कारण लॉग अक्षावर शून्याला जागाच नसते. काही चार्टवर दहाच्या घातांऐवजी 5,000 आणि 20,000 असे मधलेच आकडे असतात. तेव्हा त्या दोन रेषांमधले पिक्सेल D आणि आपल्या बिंदूंमधले d घेऊन पट अशी काढावी:

```
=(20000/5000)^(d/D)
```

राहिली गोष्ट बिंदू निवडण्याची, आणि माझ्या मते खरा घोळ पिक्सेलपेक्षा तेथेच होतो. आपण तळापासून शिखरापर्यंत मोजले आहे, त्यामुळे 52 टक्के हा त्या पाच वर्षांतला जास्तीत जास्त दर आहे, कोणा गुंतवणूकदाराला सहज मिळालेला नव्हे. शेवट एकच ठेवून सुरुवात बदलली तर काय होते पाहा. फेब्रुवारी 2006 मध्ये सेन्सेक्सने 10,000 ओलांडले. जुलै 1990 पासून तेथपर्यंत बरोबर एक दहापट, 15.5 वर्षे, दर 16 टक्के. सुरुवात एप्रिल 1992 च्या शिखरावर, म्हणजे शेअर घोटाळा बाहेर येण्याच्या वेळच्या 4,467 वर केली, तर चार्टवर फक्त 105 पिक्सेल उरतात, काळ 13.8 वर्षे, आणि दर 6 टक्के. दोन्ही मोजमापे अचूक आहेत. म्हणून आपण दर कोणाला सांगाल तेव्हा सोबत दोन्ही तारखा सांगाव्यात, आणि हा निर्देशांक लाभांश धरत नाही, म्हणजे लाभांश मिळालेल्या गुंतवणूकदाराचा दर याहून थोडा अधिक असतो, हेही त्याच ओळीत लिहावे.