एसीतून घरात पाणी ठिबकतंय? आधी बर्फ बघा

लगेच गॅस भरायला सांगू नका. मेन स्विच बंद करा, पुढचं झाकण उघडून जाळी काढा आणि मागच्या कॉइलवर बर्फ आहे का बघा.

बर्फ असेल तर तो चाकूने खरवडू नका, कॉइल फाटते. जाळी धुवा, खाली टॉवेल टाका आणि बर्फ पूर्ण वितळेपर्यंत एसी बंदच ठेवा. स्वच्छ जाळी लावूनही पुन्हा बर्फ धरला, तर गॅस कमी असू शकतो. मग मेकॅनिकला आधी गळती शोधायला लावा.

बर्फ नसेल तर बाहेरची ड्रेन नळी तपासा. दमट दिवसात एसी चालू असूनही तिच्यातून थेंब पडत नसेल, तर ती तुंबलीये. बाहेरच्या टोकाला पाणी ओढू शकणारा व्हॅक्युम क्लीनर लावून गाळ खेचा. नळीचं टोक बादलीच्या पाण्यात बुडलेलं नको. ही चूक फार दिसते.